वायफायचे दोन बँड, दोन नावे

घरोघरी बसवल्या जाणाऱ्या बहुतेक राउटरमधून आज दोन वायफाय एकाच वेळी चालतात. एक २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर, दुसरे ५ गिगाहर्ट्झच्या. दोन्हींसाठी राउटरच्या आत स्वतंत्र रेडिओ असतो. राउटर नवा असताना मात्र दोन्हींना बहुधा एकच नाव आणि एकच पासवर्ड दिलेला असतो. माणसाने नाव निवडायचे आणि बँड कोणता ते यंत्रांनी ठरवायचे, अशी ही योजना आहे. फोन आणि लॅपटॉप हा निर्णय सहसा बरा घेतात. स्मार्ट टीव्ही, टीव्हीच्या मागे खोचायची स्ट्रीमिंग स्टिक, सेट-टॉप बॉक्स यांच्यातले एखादे मात्र राउटरपासून चार-पाच मीटरवर असूनही २.४ गिगाहर्ट्झलाच चिकटून राहते. राउटर बंद करून पुन्हा सुरू केला, पासवर्ड नव्याने टाकला, तरी ते तिथेच परतते. अशा हट्टी उपकरणाला वेगवान बँडवर ठेवण्याचा घरच्या घरी करता येण्याजोगा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे दोन्ही बँडना वेगवेगळी नावे देणे.

या दोन बँडमध्ये फरक किती, हे आधी पाहायला हवे. २.४ गिगाहर्ट्झचा बँड अरुंद आहे. भारतात त्यात १ ते १३ क्रमांकांची चॅनल मिळतात, पण ती एकमेकांवर इतकी चढलेली असतात की परस्परांत न मिसळणारी अशी तीनच निघतात: १, ६ आणि ११. इमारतीतल्या वीस-पंचवीस घरांचे राउटर या तीन चॅनलवर दाटीवाटीने बोलत असतात. ब्लूटूथ त्याच पट्ट्यात चालते आणि मायक्रोवेव्ह ओव्हन सुरू असेपर्यंत त्याच पट्ट्यात गोंगाट करतो. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा पुष्कळ आहे. भारत सरकारने २०१८ मध्ये या भागातली एकूण ६०५ मेगाहर्ट्झ जागा वायफायसारख्या वापरासाठी परवानामुक्त केली. त्यामुळे तिथे ८० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनल वापरता येते, तर २.४ मध्ये शहाण्या माणसाने २० मेगाहर्ट्झच्या पुढे जाऊ नये. दोन अँटेनांचा साधा वायफाय-४ टीव्ही २.४ वर जास्तीत जास्त १४४ एमबीपीएसने जोडला जातो. वायफाय-५ चा टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या रुंद चॅनलवर ८६६ एमबीपीएसने जोडला जाऊ शकतो. प्रत्यक्ष हाती लागणारा वेग दोन्हीकडे साधारण निम्मा असतो, आणि शेजाऱ्यांच्या वर्दळीमुळे २.४ वर संध्याकाळी तो त्याहूनही बराच खाली येतो.

मग उपकरण हळू बँड का धरते? वायफायच्या नियमांत कोणत्या रेडिओला जोडून घ्यायचे हा निर्णय राउटरचा नसतो, उपकरणाचा असतो. उपकरण आसपास चाचपणी करते, ओळखीचे नाव दोन ठिकाणी ऐकू आले तर त्यांतले एक निवडते. स्वस्त किंवा जुन्या उपकरणाचा निकष साधा असतो, ज्याचा सिग्नल जोरकस तो चांगला. इथेच ५ गिगाहर्ट्झचे नुकसान होते. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि ती उणे आकड्यांत लिहितात. आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला, म्हणजे उणे ५० हा उणे ७० पेक्षा कितीतरी सरस. दोन्ही रेडिओंनी सारख्याच शक्तीने प्रक्षेपण केले तरी तेवढ्याच अंतरावर ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल सुमारे ६ ते ७ डेसिबलने क्षीण दिसतो. मध्ये भिंत असेल तर तफावत आणखी वाढते. ताकद पाहणारे उपकरण त्यामुळे २.४ पसंत करते. प्रत्यक्षात उणे ६० चा ५ गिगाहर्ट्झ सिग्नल उणे ५० च्या गर्दीतल्या २.४ पेक्षा कितीतरी जास्त माहिती वाहून नेऊ शकतो, पण ते त्याच्या हिशेबात येत नाही.

एकदा जोडणी झाली की दुसरी अडचण सुरू होते. चालू जोडणी पुरती बिघडल्याशिवाय उपकरण दुसरी शोधतच नाही. ॲपलने आपल्या आयफोनबद्दल हा उंबरठा जाहीर केला आहे: सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली जाईपर्यंत फोन आहे ती जोडणी धरून ठेवतो. टीव्ही बनवणाऱ्या कंपन्या असे आकडे सहसा सांगत नाहीत, पण वागणूक तीच असते. भिंतीवर टांगलेला टीव्ही जागचा हलत नाही. तो २.४ वर उणे ४८ ला जोडला गेला, तर त्याचा सिग्नल कधीच उंबरठ्याखाली उतरणार नाही आणि दुसरा बँड शोधायची वेळही येणार नाही.

वीज जाऊन आल्यावर हा प्रकार अधिक घडतो. ५ गिगाहर्ट्झमधली ५२ ते १४४ ही चॅनल हवामानाच्या आणि इतर रडारांसोबत वाटून घ्यायची असतात. तिथे प्रक्षेपण सुरू करण्याआधी राउटरला किमान ६० सेकंद कान देऊन रडार नाही ना, हे तपासावे लागते. २.४ च्या रेडिओवर असे बंधन नाही. वीज आल्यावर राउटर आणि टीव्ही एकदमच जागे होतात, टीव्हीला आधी २.४ ऐकू येते आणि तो त्यालाच जोडून घेतो. मिनिटभराने ५ गिगाहर्ट्झ सुरू होते, तोवर टीव्हीचे शोधणे थांबलेले असते.

राउटरकडेही यावर एक तोड असते. सेटिंगमध्ये तिला Smart Connect किंवा Band Steering असे नाव असते. दोन्ही बँड पेलू शकणाऱ्या उपकरणाने २.४ वर हाक दिली तर राउटर थोडा वेळ उत्तर देत नाही, किंवा जोडणी नाकारतो, किंवा जोडल्यानंतर ‘तिकडे जा’ असा संदेश पाठवतो. हा संदेश ही सूचना असते, तो मानण्याची सक्ती उपकरणावर नसते. अनेक टीव्हींना तो समजतही नाही. फार वेळा नाकारले तर उपकरण ‘नेटवर्क सापडत नाही’ म्हणून मोकळे होते, म्हणून राउटर काही प्रयत्नांनंतर माघार घेतो आणि २.४ वर घेतो. नाव मात्र उपकरण कधी ओलांडू शकत नाही. ज्या नावाचा पासवर्ड त्याच्याकडे नाही त्याला ते जोडले जात नाही, आणि जे नाव ५ गिगाहर्ट्झवरच आहे ते दुसऱ्या बँडवर सापडत नाही. उपायाची सगळी ताकद एवढ्या एका गोष्टीत आहे.

हात घालण्यापूर्वी उपकरण खरोखर २.४ वर आहे का, हे बघून घ्यावे. काही टीव्ही नेटवर्क स्टेटसमध्ये चॅनल किंवा बँड दाखवतात. टीव्ही दाखवत नसेल तर राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथे प्रत्येकासमोर बँड लिहिलेला असतो. विंडोज लॅपटॉपवर ही एक आज्ञा पुरते:

```
netsh wlan show interfaces
```

उत्तरात Channel समोर १ ते १३ मधला आकडा असेल तर २.४ गिगाहर्ट्झ, ३६ किंवा त्यापुढचा असेल तर बहुतेक घरांत ५ गिगाहर्ट्झ. हट्टी उपकरण विंडोज लॅपटॉपच असेल तर नावे बदलण्याआधी त्याच्या वायफाय अडॅप्टरच्या प्रगत गुणधर्मांत Preferred Band हा पर्याय आहे का ते पाहावे. तिथे ५ गिगाहर्ट्झला पसंती देता येत असेल तर घरातल्या बाकी कशाला हात लावायची गरज उरत नाही. टीव्हीत असा पर्याय क्वचितच मिळतो.

दुसरी तपासणी टीव्हीच्या माहितीपत्रकात करायची. वायफायसमोर फक्त b/g/n लिहिले असेल तर त्या टीव्हीत बहुतेक वेळा ५ गिगाहर्ट्झचा रेडिओच नसतो, आणि नाव बदलून काही उपयोग नाही. स्वस्त स्मार्ट टीव्हींत हे अजून आढळते. a/b/g/n/ac किंवा ax लिहिले असेल तर दोन्ही बँड आहेत.

तिसरी तपासणी जागेची. टीव्हीच्या शेजारी फोन धरून वायफाय ॲनलायझर प्रकारच्या ॲपमध्ये राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ रेडिओचा सिग्नल वाचावा. तिथे उणे ६५ किंवा त्याहून चांगला आकडा असेल तर काम होईल. उणे ७५ च्या पलीकडे असेल तर टीव्हीला ५ वर बांधणे हिताचे नाही, कारण टीव्हीचे अँटेना पडद्यामागे भिंतीला लागून असते आणि त्याला फोनपेक्षा काही डेसिबल कमीच मिळतात. अशा वेळी आधी राउटरची जागा बदलावी.

आता नावे ठेवण्याचा प्रश्न. इथे बहुतेक जण घाई करतात आणि नंतर पस्तावतात. जुने नाव कोणत्या बँडकडे ठेवायचे यावर पुढची सगळी कटकट अवलंबून असते. घरातले स्मार्ट बल्ब, वायफाय प्लग, प्रिंटर आणि वायफाय कॅमेरे यांतली बरीचशी उपकरणे फक्त २.४ जाणतात आणि त्यांच्यात नवे नाव घालणे हे किचकट काम असते. म्हणून जुने नाव २.४ लाच ठेवावे आणि नवे नाव ५ गिगाहर्ट्झला द्यावे. उलट केले तर घरातला प्रत्येक बल्ब पुन्हा शिडी लावून जोडावा लागतो.

या मांडणीतही एक सापळा आहे. फोन आणि लॅपटॉप आतापर्यंत एकाच नावाखाली ५ गिगाहर्ट्झ वापरत होते. ते नाव २.४ पुरतेच उरले की ही उपकरणे गुपचूप हळू बँडवर येतात. टीव्ही सुधारतो आणि बाकी घर मागे जाते. म्हणून त्याच दिवशी प्रत्येक फोन आणि लॅपटॉपमध्ये नवे नाव टाकले पाहिजे. हे टाळण्याचा अधिक चांगला मार्ग ज्या राउटरमध्ये एका रेडिओवर अनेक नावे देता येतात तिथे उपलब्ध असतो. फायबर कंपन्या देतात त्या अनेक ओएनटी डब्यांत ही सोय असते. जुने एकत्रित नाव दोन्ही बँडवर जसेच्या तसे राहू द्यायचे आणि ५ गिगाहर्ट्झवर आणखी एक, फक्त हट्टी टीव्हीसाठी, नाव सुरू करायचे. घरातले दुसरे काहीच हलत नाही. शक्य असेल तिथे हाच मार्ग निवडावा. मात्र हे अधिकचे नाव पाहुण्यांच्या नेटवर्कच्या सोयीतून, म्हणजे Guest Network मधून, तयार करू नये. पाहुण्यांचे नेटवर्क घरातल्या इतर उपकरणांपासून मुद्दाम तोडलेले असते. टीव्ही तिथे गेला की इंटरनेट चालते, पण फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर पाठवता येत नाही आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

एक उदाहरण पुरते पाहू. समजा, दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, १०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे. केबल दारातून आत येते, म्हणून राउटर दाराजवळच्या पॅसेजमध्ये आहे. टीव्ही हॉलच्या पलीकडच्या भिंतीवर, मध्ये विटांची एक भिंत. टीव्हीवर संध्याकाळी चित्रपट अडखळतो, त्यावरची वेगचाचणी १५ एमबीपीएसच्या आसपास घुटमळते. टीव्हीला चिकटवून धरलेल्या फोनवर तीच चाचणी ९० दाखवते. म्हणजे इंटरनेट ठीक आहे, दोष टीव्ही आणि राउटर यांच्यामधल्या हवेतल्या पट्ट्यात आहे. राउटरच्या यादीत टीव्हीसमोर २.४ लिहिलेले दिसते. फोनवर ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल उणे ५९ भरतो. तिन्ही तपासण्यांचा कौल एकच आहे.

लॅपटॉप शक्यतो केबलने राउटरला जोडावा, कारण वायफायवरून सेटिंग जतन करताच ती जोडणी तुटते. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 हा पत्ता टाकावा. बरोबर पत्ता आणि लॉगिन बहुधा राउटरच्या तळाच्या लेबलवर छापलेले असतात. वायरलेसच्या पानावर आधी Smart Connect बंद करावे. ते चालू असेपर्यंत दुसऱ्या नावाची चौकट फिकट दिसते आणि तिच्यात काही लिहिता येत नाही. मग २.४ चे नाव, समजा `Ghar`, तसेच ठेवावे आणि ५ चे नाव `Ghar_5G` करावे. या नावातल्या 5G चा मोबाइलच्या 5G शी संबंध नाही, ती फक्त ओळखायची खूण. पासवर्ड दोन्हींचा तोच ठेवला तरी चालतो. सुरक्षेचा प्रकार मात्र पाहून घ्यावा. तिथे फक्त WPA3 निवडलेले असेल तर बरेच टीव्ही जोडले जात नाहीत, म्हणून WPA2 किंवा दोन्हींचे मिश्रण ठेवावे.

त्याच पानावर ५ गिगाहर्ट्झचे चॅनल Auto वरून काढून ३६ किंवा १४९ करावे. राउटर रुंदीसाठी शेजारची चॅनल आपोआप जोडून घेतो: ३६ ते ४८ हा एक ८० मेगाहर्ट्झचा गट, १४९ ते १६१ हा दुसरा. दोन्ही गटांत रडारची तपासणी नसते, त्यामुळे वीज आल्यावर हे नाव लवकर हजर होते.

मग टीव्हीकडे यायचे. वायफायच्या यादीत `Ghar_5G` निवडून पासवर्ड टाकला म्हणजे काम झाले असे वाटते, पण निम्मेच झालेले असते. टीव्हीच्या स्मरणात `Ghar` अजून आहे. उद्या वीज जाऊन आली आणि ते नाव आधी ऐकू आले तर टीव्ही पुन्हा तिथेच जाईल. म्हणून जतन केलेल्या नेटवर्कांतून `Ghar` काढून टाकावे, सहसा Forget या बटणाने. काही टीव्हींत हे बटण नसते. तिथे नेटवर्कचे सेटिंग मूळ स्थितीला नेऊन फक्त `Ghar_5G` भरावे. विसरायला लावणे हीच या उपायातली खरी बांधणी आहे. पुढे वेगचाचणी घेतली की १०० च्या जोडणीवर आकडा ८० ते ९० च्या घरात यायला हवा, आणि राउटरच्या यादीत टीव्हीसमोर ५ दिसायला हवे. शेवटी राउटर आणि टीव्ही दोन्हींची वीज एकदम बंद करून पुन्हा सुरू करावी आणि टीव्ही कुठे परततो ते पाहावे. खरी परीक्षा तीच.

नवे नाव टीव्हीला दिसलेच नाही तर राउटर बिघडला असे समजू नये. बहुधा चॅनल Auto वरच राहिलेले असते आणि राउटर रडारच्या पट्ट्यात जाऊन बसलेला असतो. त्या पट्ट्यातली चॅनल कित्येक टीव्ही आणि स्टिक ऐकतच नाहीत. फोनवर नाव दिसते, टीव्हीवर दिसत नाही, ही याची ओळख. चॅनल ३६ केले की नाव प्रकट होते. टीव्ही आठवड्यातून एखाददा अचानक तुटत असेल तर तेव्हाही हाच पट्टा तपासावा, कारण रडारची चाहूल लागताच राउटरला ते चॅनल सोडून किमान अर्धा तास दूर राहावे लागते. सगळे नीट चालले असताना एके दिवशी दोन्ही नावे पुन्हा एक झाली, तर ओएनटी रीसेट झालेला असतो किंवा कंपनीने दुरूनच त्याचे सेटिंग बदललेले असते. तेव्हा सुरुवातीपासून पुन्हा करावे लागते. म्हणून बदल लिहून ठेवलेले बरे.

या बांधणीची किंमतही मोजावी लागते. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तिथे क्षीण झाला तर टीव्हीला उतरायला दुसरी पायरी नसते, तो थेट ऑफलाइन जातो. जागचे न हलणाऱ्या उपकरणाला हे चालते. घरभर फिरणाऱ्या फोनला ते त्रासाचे होते, म्हणून फोनमध्ये दोन्ही नावे राहू द्यावीत. दोन नावांमध्ये जाताना जोडणी तुटून पुन्हा होते आणि चालू व्हिडिओ कॉल क्षणभर अडकतो. ॲपलसह अनेक कंपन्या सर्व बँडना एकच नाव ठेवायला सांगतात त्यामागे हे कारण आहे, आणि फिरत्या उपकरणांपुरता तो सल्ला बरोबरच आहे. घरातल्या एखाद्याच यंत्राने हट्ट धरला असेल तर त्याच्यापुरते तिसरे नाव काढण्याचा मार्ग या दोन्ही बाजू सांभाळतो. केबल टाकणे शक्य असेल तर तेही चांगले, पण पुष्कळ टीव्हींचा केबलचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो. ३०० च्या जोडणीवर असा टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर केबलपेक्षा वेगवान चालतो, मात्र केबल अधिक स्थिर राहते.

अनेक मेश संचांत बँडची नावे वेगळी करू दिली जात नाहीत. काहींच्या ॲपमध्ये उपकरणागणिक बँड ठरवण्याची सोय असते, तिथे नावांचा खटाटोप लागत नाही. वायफाय-७ च्या राउटरवर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. त्यातली एमएलओ नावाची सोय एकाच उपकरणाला दोन बँडवर एकदम जोडते आणि त्यासाठी दोन्ही बँडवर एकच नाव लागते. ते मोडले की नव्या फोनची ही सोय जाते. अशा राउटरवर मुख्य नाव एकत्रच ठेवावे आणि जुन्या टीव्हीसाठी ५ गिगाहर्ट्झवर वेगळे नाव, WPA2 सह, स्वतंत्रपणे सुरू करावे.